साहेबांना भेट पाठवताना सोबतचं पत्र

प्रश्न: मी कोल्हापूरचा. नोकरीला नवीन लागलो तेव्हा एका साहेबांनी फार मनापासून मार्गदर्शन केलं होतं. ते आता निवृत्त होऊन नागपूरला असतात. त्यांना कोल्हापुरी चप्पल पाठवतोय. सोबत पत्र लिहायला बसलो की ‘आपले उपकार कधीच विसरणार नाही’ याच्यापुढे पेन सरकत नाही. काय लिहू?

उत्तर:

पेन अडतंय कारण ते वाक्य कुणीही कुणालाही लिहू शकतं. तुमच्या साहेबांनी तुम्हाला शिकवलेली एकच गोष्ट आठवा आणि पत्र तिच्यावरच लिहा. बाकी सगळं दोन-चार ओळींत उरकतं.

मी शिरोलीतल्या एका फौंड्रीत आहे. आमच्या सँड प्लँटचा सुपरवायझर मागच्या दिवाळीत अगदी तुमच्यासारखाच अडला होता. त्यालाही आपल्या जुन्या साहेबांना पायताणाचा जोड पाठवायचा होता. त्याने लिहून आणलेल्या कागदावर ‘आपल्या अमूल्य मार्गदर्शनामुळे माझ्या जीवनाला दिशा मिळाली’ असं होतं, खाली आयुरारोग्याच्या शुभेच्छा होत्या आणि सही. वाईट काहीच नव्हतं त्यात. पण निवृत्तीच्या समारंभात साहेबांनी हेच पंधरा जणांच्या तोंडून ऐकलं असणार. मी त्याला विचारलं, साहेबांनी तुला नेमकं काय शिकवलं? म्हणाला, ‘लई शिकवलं.’ म्हटलं, एक सांग. थोडा वेळ गप्प बसला आणि मग वाळूची गोष्ट सांगायला लागला. सांगताना त्याची मूठ आपोआप वळली होती. तेव्हाच मला वाटलं, पत्र सापडलं.

ज्यांचा फौंड्रीशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. लोखंडाचा रस ज्यात ओतून कास्टिंग करतात तो साचा वाळूचा असतो आणि त्या वाळूत ओल साधारण 3 ते 4 टक्के लागते. ती जास्त झाली की लोखंडाचा रस आत जाताच पाण्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही की कास्टिंगमध्ये पोकळ्या राहतात. त्यांना आम्ही ब्लो होल म्हणतो. ओल मोजायला लॅब असते, पण जुने लोक मूठभर वाळू दाबून तिचा गोळा मधोमध मोडून बघतात. वाळू नीट असेल तर बोटांचे ठसे उठतात आणि कड स्वच्छ तुटते, ओल जास्त असेल तर तळहाताला चिकटून राहते.

त्याने जे सांगितलं तेच आम्ही जवळपास तसंच कागदावर उतरवलं. त्याच्या परवानगीने, नावगाव काढून, ते पत्र देतो:

आदरणीय साहेब यांस,
सा. न. वि. वि.

मी (नाव). 2011 साली तुमच्याकडे सँड प्लँटवर शिकाऊ म्हणून आलो होतो. हातकणंगल्याहून एसटीने यायचो आणि बहुतेक रात्रपाळीला असायचो.

त्या पावसाळ्यात पंपाच्या बॉडीला ब्लो होल यायला लागले होते. भट्टीवाले मोल्डिंगकडे बोट दाखवत होते, मोल्डिंगवाले भट्टीकडे, आणि शेवटी सगळे माझ्याकडे. तुम्ही कुणाला काही बोलला नाहीत. मला सँड मिक्सरपाशी नेलंत, मूठभर वाळू हातात दिलीत, दाबायला लावलीत आणि गोळा मोडायला सांगितलात. वाळू माझ्या तळहाताला चिकटली. तुम्ही म्हणालात, ‘आधी हात काय सांगतोय ते ऐक, मग लॅबचा कागद बघ, आणि माणसांकडं बोट सगळ्यात शेवटी.’

साहेब, गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे तेच झालं. सगळे एका नव्या पोरावर तुटून पडले होते. मी त्याला मिक्सरपाशी नेलं आणि मूठ दाबायला लावली. वाळू चिकटली. शोधत गेलो तर शेडच्या कोपऱ्यात पत्रा गळत होता, नवीन वाळूचा ढीग खालून भिजला होता, आणि मिक्सरमध्ये पाणी मात्र रोजच्याच मापाने पडत होतं. ढीग हलवला, पाणी कमी केलं, ब्लो होल थांबले. तो पोरगा आता पाळीवर आला की आधी मिक्सरपाशी जातो. हे मला कुणी शिकवलं ते त्याला सांगितलंय.

सोबत पायताणाचा एक जोड पाठवतोय. फौंड्रीत तुमच्या पायात कायम सेफ्टी बूट बघितले, आता घरी मोकळं काहीतरी असावं असं वाटलं. चप्पल लाईनीतल्या एका म्हाताऱ्या कारागिराकडून शिवून घेतलाय. माप काकूंकडून गुपचूप मागवलं, त्यांना रागवू नका. कुठे घट्ट वाटला तर सांगा, इथून नीट करून देतो.

इकडे येणं झालं तर घरी जेवायला या. काकूंना नमस्कार सांगा.

कळावे,
आपला
(नाव)

आता यात काय केलंय ते सांगतो, म्हणजे तुम्हाला तुमचं लिहिता येईल.

सुरुवातीला त्याने स्वतःची ओळख दिली, आणि ती नावावर सोडली नाही. साहेबांच्या हाताखालून किती पोरं गेली असतील, नुसत्या नावाने चेहरा डोळ्यांसमोर येईलच असं नाही. साल, विभाग आणि एखादी खूण, जशी ही एसटी आणि रात्रपाळी, एवढं दिलं की माणूस आठवतो. ओळख पटण्याआधी कौतुक वाचावं लागलं तर वाचणारा अवघडतो, ‘हा कोण बरं?’ हेच डोक्यात घोळत राहतं.

मग प्रसंग. साहेब जे बोलले ते त्यांच्याच शब्दांत, त्यांच्या बोलण्याच्या ढंगासकट लिहायचं. शब्दन् शब्द आठवत नसेल तर अवतरण घालू नका, ‘असं काहीसं म्हणाला होतात’ एवढंच लिहा. न बोललेलं वाक्य तोंडी घातलं तर ते त्यांना लगेच कळेल. आणि तुमच्या साहेबांनी काही सांगितलंच नसेल, नुसतं करून दाखवलं असेल किंवा तुमची चूक स्वतःच्या अंगावर घेतली असेल, तर तेच लिहा. तेही मार्गदर्शनच.

माझ्या मते पत्राचा जीव तिसऱ्या परिच्छेदात आहे. त्याला तिथे बढती कधी झाली, घर कधी बांधलं, गाडी कुठली घेतली याची यादी द्यायची होती. ती आम्ही घेतली नाही. मुलाच्या यशाने आईबापांना आनंद होतो तसा साहेबांनाही होईल, पण त्या यादीत साहेब कुठेच नव्हते. त्यांनी दिलेलं शहाणपण अलीकडे कुठे उपयोगी पडलं आणि पुढे कुणाला दिलं गेलं, हे वाचलं की त्यांना आपल्या शिकवण्याचं काय झालं ते दिसतं. निवृत्त माणसाला हे सांगणारं फारसं कुणी नसतं. म्हणून ताजा प्रसंग शोधा, लहान असला तरी चालेल.

इतकी वर्षं फोन केला नाही याची मोठी माफी मात्र मागू नका. आमचा पठ्ठा अर्धं पान त्यावरच घालवणार होता. तसं पत्र वाचून साहेबांनाच तुमची समजूत काढावी लागते. आणि पत्रात काम सांगू नका. भाच्याच्या नोकरीचं, ओळखीचं, शिफारशीचं एक वाक्य जरी आलं तरी आधीचं सगळं त्यासाठीच लिहिलं होतं असं वाटेल. खरंच काम असेल तर काही महिने जाऊ द्या आणि वेगळा फोन करा.

भेटीबद्दल तीन-चार ओळी पुरतात. हीच का, कुठून घेतली, बसली नाही तर काय करायचं, संपलं. किंमत नको, ‘फुल ना फुलाची पाकळी’ही नको. कोल्हापुरी चपलेला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात आपल्या बाजूचे चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे आहेत, ही माहिती चांगली आहे पण ती डब्यावरच्या कागदासाठी. पत्रात तुमचं त्या वस्तूशी आणि साहेबांशी असलेलं नातं यावं.

चप्पल पाठवताय म्हणून एक काळजीची गोष्ट. माप अंदाजाने घेऊ नका. घरच्या कुणाला तरी सांगून साहेबांचा पाय कागदावर ठेवून पेन्सिलीने आखून घ्या, दोन्ही पायांचा, आणि त्याचा फोटो न मागवता कागदच मागवा, कारण फोटोत माप बदलतं. वय झालेलं असेल तर जड, करकरणारा जोड टाळा, हलका घ्या. चामड्याचा तळ गुळगुळीत फरशीवर सरकतो, तेव्हा खाली रबर लावून देतात का ते कारागिराला विचारा. नवीन जोड अंगठ्यापाशी चावतो, तिथे आतून थोडं तेल लावून सुरुवातीला रोज थोडाच वेळ घालायचा. भिजला तर सावलीत वाळवायचा, उन्हात नाही. हे सगळं वेगळ्या चिठ्ठीवर लिहून जोडात खोचा. पत्रात घातलंत तर वाळूच्या गोष्टीनंतर एकदम तेलपाण्याच्या सूचना येतात आणि सूर तुटतो.

मायन्यात एक काना जपा. वडीलधाऱ्यांना ‘सा. न. वि. वि.’ म्हणजे साष्टांग नमस्कार, बरोबरीच्यांना ‘स. न. वि. वि.’ म्हणजे सप्रेम नमस्कार. जुन्या पिढीच्या नजरेत हे पटकन भरतं. ‘तीर्थरूप’ आपल्या आईवडिलांसाठी ठेवा, साहेबांना ‘आदरणीय’ किंवा ‘गुरुवर्य’ शोभतं. मायना असा जुन्या वळणाचा ठेवला तरी पुढचा मजकूर तुम्ही त्यांच्याशी बोलायचात तसाच लिहा. तोंडी ‘साहेब, तुम्ही’ असेल तर पत्रात ‘आपण’ करत बसू नका, चार ओळींत परके वाटाल.

हाताने लिहा, ठसठशीत अक्षरात, ओळी मोकळ्या सोडून. फार तर दोन पानं. तेलकट चामड्याचा डाग कागदावर उमटतो, म्हणून पत्र प्लास्टिकच्या पाकिटात घालून डब्यात सगळ्यात वर ठेवा, म्हणजे जोडाआधी तेच हाती येईल. आतल्या पाकिटावर तुमचा फोन नंबर आणि पूर्ण पत्ता लिहा, कारण वरचं खोकं लगेच रद्दीत जातं आणि उत्तर लिहायची इच्छा असलेल्या माणसाकडे पत्ताच उरत नाही.