मोठ्या माणसासमोर तीन मिनिटं

“मॅडम, १८ मेला विद्यापीठात खरीप परिसंवाद आहे. ज्या सरांकडं मला पीएच.डी. करायचीय ते येणारेत. पण मोठा माणूस समोर आला की माझं तोंडच उघडत नाही. हात थरथरतात, अन् बोलले तर गावाकडची बोली बाहेर पडती. काय करू?”

परभणीत कृषी विद्यापीठ असल्यामुळे एप्रिल लागला की असं विचारणारी दोन-तीन मुलं तरी माझ्याकडे समुपदेशनाला येतात. ही गंगाखेडकडची, एमएस्सीची. (ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.)

तयारी तिची जोरदार होती. वहीत दीड पान भाषण, अगदी पुस्तकी मराठीत. “हे पाठ करायलेय,” ती म्हणाली. चहा आला तेव्हा तिनं कप दोन्ही हातांनी घट्ट धरला. थरथर लपवायला. गंमत अशी की घट्ट धरल्यामुळेच कप जास्त हलत होता.

मी म्हटलं, “आपण दोनदा बोलू, तीन-तीन मिनिटं. मी तुझे सर. पहिल्यांदा भाषण आठवत बोल, आवाज कापतोय का, हात हलतोय का, सगळं तपासत राहा.” तिनं तसं केलं. मग विचारलं, “मी मघाशी माझ्या शेताबद्दल काय सांगितलं?”

तिला काहीच सांगता येईना.

“आता वही बंद. मी काय म्हणते तेवढंच ऐक. अन् कप काठोकाठ भरून एका हातात धर.” चहा सांडला. माझ्या टेबलावर, फायलीवर. मी पुसलं नाही, बोलत राहिले. तीही बोलत राहिली, बोलीतच. नंतर तेच विचारलं तर म्हणाली, “तुमचं शेत मानवतला आहे, विहिरीचं पाणी फेब्रुवारीत आटतं, अन् भावाशी बांधावरून वाद चालूय.”

“आवाज कापत होता?”

ती थांबली. “बघितलंच नाही, मॅडम.”

इतकी वर्षं मी हे काम करतेय, पण हा क्षण आला की अजून अंगावर काटा येतो. आपण म्हणतो की भीतीमुळे बोलता येत नाही. मला दिसतं ते असं: माणूस स्वतःवर पहारा देत बसतो, समोरचं ऐकू येत नाही, म्हणून उत्तर सुचत नाही आणि मग भीती वाढते. पाठ केलेलं भाषण, घट्ट धरलेला कप, मुद्दाम शुद्ध बोलणं, हे सगळे त्या पहाऱ्याचेच शिपाई. ‘असंच झालं पाहिजे’ हा हट्ट सोडायला शिकवणाऱ्या मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या वाटेवरची मी आहे, त्यामुळे तिच्या डोक्यातलं ‘छाप पडलीच पाहिजे’ हे वाक्यही आम्ही सोलून काढलं. ‘पडली तर बरं, नाही पडली तर वाईट वाटेल’ एवढ्यावर यायला तीन भेटी लागल्या.

मग प्रश्न. “सर, मार्गदर्शन करा” असं कुणी म्हटलं तर सरांनी तरी काय सांगावं? एका मिनिटात उत्तर देता येईल आणि आपल्या शिवारातून आलेला असेल असा प्रश्न हवा. तिचा होता: “सर, तुम्ही सोयाबीनच्या चार ओळींमागं तुरीच्या दोन ओळी सांगता. आमच्याकडं लोक म्हणतात, सोयाबीनला हार्वेस्टर घातलं की तूर तुडवली जाते. यावर कुणी तोड काढलीय का?” यात पीएच.डी.चा शब्दही नाही. पहिल्याच भेटीत जागा मागितली की समोरचा सावध होतो.

बाकी साधं. सर कुणाशी बोलत असतील तर त्यांना दिसेल असं बाजूला उभं राहायचं, मध्ये तोंड घालायचं नाही. नमस्कार, नाव, गाव आणि थेट प्रश्न. मध्येच सगळं विसरलं तर “सर, जरा घाबरलेय, एक मिनिट” म्हणून मोकळं व्हायचं. लपवण्यात जेवढी ताकद जाते तेवढी सांगण्यात जात नाही. उत्तर मिळालं, एखादा उपप्रश्न झाला की आपणच निरोप घ्यायचा. सर घड्याळ बघेपर्यंत थांबायचं नाही. ईमेल करू का, हे जाताना विचारायचं आणि संध्याकाळी चार ओळी पाठवायच्या: त्यांनी सांगितलेली एक गोष्ट, आणि मग आपल्याला काय करायचंय ते.

एक मात्र सांगते. हीच भीती दुकानदाराशी, वर्गात, फोनवर, सगळीकडेच असेल, तिच्यापायी परीक्षा नाहीतर मुलाखती चुकत असतील, तर असल्या तयारीवर भागणार नाही. नीट उपचार घ्यावेत, आणि ते होतात.

१८ मेच्या संध्याकाळी तिचा फोन आला. मध्ये एकदा अडखळली होती, “घाबरलेय” म्हणाली होती. सर हसले आणि त्यांनीच गाव विचारलं. छाप पडली का, हे मी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही. सांगितलं ते हे: “मॅडम, एवढे मोठे सर, पण त्यांच्या चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली होती.”