रुग्णवाहिका उशिरा का पोहोचते: डिस्पॅचच्या नोंदींतून खरा टप्पा शोधणे

प्रश्न: आमच्याकडे रुग्णवाहिकांच्या डिस्पॅचच्या वर्षभराच्या नोंदी आहेत. सरासरी वेळ ठीक दिसते, पण काही कॉलना गाडी फारच उशिरा पोहोचते. हा उशीर नेमका कुठल्या टप्प्यात होतो, ते कसं शोधायचं?

उत्तर: प्रत्येक कॉलचा वेळ चार तुकड्यांत मोडा. पहिला, फोन आल्यापासून पत्ता आणि तक्रार नोंदवून कॉल गाडीसाठी तयार होईपर्यंत. दुसरा, तिथून गाडी नेमली जाईपर्यंत. तिसरा, नेमल्यापासून गाडी हलेपर्यंत. चौथा, प्रत्यक्ष प्रवास. त्यासाठी एका कॉलच्या ओळीत पाच क्षणांची वेळ नोंदलेली लागते: फोन आला, कॉल तयार झाला, गाडी नेमली, गाडी निघाली, गाडी पोहोचली. एका घटनेसाठी दोन-तीन फोन आले असतील तर पहिल्या फोनची वेळ घ्या, आणि दोन गाड्या गेल्या असतील तर आधी पोहोचलेलीची. आधीच ठरवलेल्या रुग्ण-बदलीच्या फेऱ्या वगळा. तातडीचे आणि बिनतातडीचे कॉल कधीही एकत्र मोजू नका, कारण बिनतातडीचे कॉल मुद्दाम थांबवून ठेवलेले असतात आणि सगळे हळू कॉल तेच निघतात.

आकडे काढण्याआधी नोंदी तपासाव्याच लागतात, आणि तुमच्या प्रश्नात तर जास्तच. एखादा कर्मचारी 'पोहोचलो' हे बटण दाबायला विसरला आणि अर्ध्या तासाने दाबलं, तर तो कॉल थेट सर्वात हळू कॉलमध्ये जाऊन बसतो. समजा २,००० कॉलपैकी फक्त २ टक्के नोंदी अशा चुकल्या, म्हणजे ४०. पण सर्वात हळू १० टक्के म्हणजे २०० कॉल. ते ४० त्यातच असतील, तर तुमच्या अभ्यासाचा पाचवा हिस्सा बटणाच्या चुकीचा होतो. गाडीचा जीपीएस उपलब्ध असेल तर गाडी पत्त्याजवळ येऊन थांबली ती वेळ आणि बटणाची वेळ शेजारी ठेवून पाहा. दोन्हींत मोठा फरक असेल तिथे जीपीएसची वेळ धरा.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे 'निघालो' आणि 'पोहोचलो' ही दोन्ही बटणं पोहोचल्यावर एकापाठोपाठ दाबणं. मग प्रवास १० सेकंदांचा दिसतो आणि गाडी हलायला १२ मिनिटं लागलेली दिसतात, आणि खापर विनाकारण चालकांवर फुटतं. प्रवासाचा वेळ अंतराच्या मानाने अशक्य असेल किंवा 'निघालो'ची वेळच नसेल, तर अशा ओळी टाकून देऊ नका. त्यांच्यासाठी तिसरा आणि चौथा टप्पा एकत्र 'नेमल्यापासून पोहोचेपर्यंत' असा मोजा. एखाद्या टप्प्याची वेळ उणे येत असेल, तर बहुतेक वेळा फोन यंत्रणा आणि डिस्पॅच यंत्रणा यांची घड्याळं जुळलेली नसतात.

आता मुख्य मोजणी. बरेच जण प्रत्येक टप्प्याचा ९० वा पर्सेंटाइल काढतात आणि ज्याचा आकडा मोठा तो दोषी ठरवतात. यात अडचण अशी की पर्सेंटाइलांची बेरीज होत नाही. ज्या कॉलला फोनवर वेळ लागला तोच कॉल प्रवासातही रखडला असेल असं नाही, त्यामुळे चार टप्प्यांच्या ९० व्या पर्सेंटाइलांची बेरीज आणि एकूण वेळेचा ९० वा पर्सेंटाइल जुळत नाहीत. सरासरीची बेरीज मात्र तंतोतंत होते. म्हणून मी असं सुचवेन: एकूण वेळेनुसार सर्वात हळू १० टक्के कॉल बाजूला काढा, त्यांची टप्पानिहाय सरासरी घ्या आणि त्यातून सगळ्या कॉलची टप्पानिहाय सरासरी वजा करा. जे उरतं तो त्या टप्प्याचा जादा उशीर.

```python
cols = ["t_call", "t_ready", "t_assign", "t_enroute", "t_scene"]
names = ["call", "wait", "turnout", "travel"]
for n, a, b in zip(names, cols, cols[1:]):
    df[n] = (df[b] - df[a]).dt.total_seconds()
df["total"] = (df["t_scene"] - df["t_call"]).dt.total_seconds()
slow = df[df["total"] >= df["total"].quantile(0.9)]
print((slow[names].mean() - df[names].mean()) / 60)
```

पाचपैकी एखादी वेळ रिकामी असलेल्या ओळी यात मिसळल्या तर बेरीज जुळणार नाही. त्यामुळे वरच्या 'एकत्र टप्पा' असलेल्या ओळींसाठी हीच मोजणी तीन टप्प्यांवर वेगळी करा.

समजा तातडीच्या २,००० कॉलची सरासरी अशी आली: फोन १:५०, नेमणूक १:००, हलणं १:१०, प्रवास ८:००, एकूण १२ मिनिटं. सर्वात हळू २०० कॉलची सरासरी: २:२०, ९:१०, १:३० आणि १५:००, एकूण २८ मिनिटं. जादा १६ मिनिटांची फोड अशी होते: फोन अर्धा मिनिट, नेमणूक ८:१०, हलणं २० सेकंद, प्रवास ७:००. सगळ्या कॉलकडे पाहिलं तर दोन तृतीयांश वेळ प्रवासात जातो, त्यामुळे सगळे रस्त्यांना आणि वाहतुकीला दोष देतात. पण हळू कॉलचा निम्म्याहून जास्त जादा उशीर गाडी नेमली जाण्याआधीच झालेला आहे.

इथे थांबू नका, प्रवासाची ती सात मिनिटंही उघडून पाहा. अंतर आणि वेग वेगळे करा. समजा नेहमीचा प्रवास सरासरी ५ किलोमीटरचा आहे आणि हळू कॉलचा ११ किलोमीटरचा. मग वेग निघतो नेहमी ताशी ३७.५ किलोमीटर आणि हळू कॉलला ताशी ४४. म्हणजे गाडी रखडली नाही, उलट जास्त वेगाने आली. फक्त ती लांबून आली. मग विचारायचं ते हे: जवळची गाडी कुठे होती?

याचं उत्तर त्या कॉलच्या ओळीत सापडत नाही. त्यासाठी गाडीनिहाय नोंदी लागतात: प्रत्येक फेरीत गाडी कधी नेमली गेली आणि कधी मोकळी झाली. कॉल तयार झाला त्या क्षणी किती गाड्या कामात होत्या ते मोजा, पाळीवर असलेल्या गाड्यांच्या संख्येतून वजा करा, आणि प्रत्येक कॉलसमोर 'मोकळ्या गाड्या' असा स्तंभ लिहा. मग मोकळ्या गाड्या शून्य, एक, दोन, तीन किंवा जास्त असे गट करून नेमणुकीचा वेळ आणि प्रवासाचं अंतर पाहा. शून्य आणि एकच्या गटात दोन्ही एकदम वाढत असतील तर नेमणूक आणि प्रवास ही दोन वेगळी दुखणी नाहीत, दोन्हींचं मूळ गाड्यांच्या तुटवड्यात आहे. पण तीन गाड्या मोकळ्या असूनही नेमणुकीला पाच मिनिटं लागत असतील, तर तो उशीर नियंत्रण कक्षाच्या टेबलावरचा आहे: एकाच माणसाकडे फोन आणि नेमणूक दोन्ही, किंवा पत्त्याची खात्री होईपर्यंत गाडी न हलवण्याची पद्धत.

तुटवडा निघाला तर पुढे रुग्णालयात पोहोचल्यापासून मोकळं होईपर्यंतचा वेळ तासानुसार मांडा. ही चौकट कॉलच्या चार टप्प्यांत कुठेच येत नाही, म्हणून ती सहज नजरेतून सुटते. दुपारी तीन गाड्या रुग्णालयाच्या दारात रुग्ण ताब्यात देण्यासाठी चाळीस-चाळीस मिनिटं उभ्या असतील, तर तिघांमिळून दोन गाडी-तास गेले आणि त्याच वेळेतल्या पुढच्या कॉलना लांबची गाडी मिळाली.

दोन गोष्टींवर लक्ष ठेवा. काही यंत्रणा एका कॉलसाठी फक्त शेवटची नेमणूक जपतात. आधी नेमलेली गाडी वाटेतून दुसऱ्या तातडीच्या कॉलकडे वळवली असेल, तर तिचा गेलेला सगळा वेळ 'नेमणुकीला उशीर' म्हणून दिसतो. नेमणुकांचा पूर्ण इतिहास वेगळ्या तक्त्यात मागून घ्या. आणि गाडी पोहोचण्याआधी रद्द झालेले कॉल वेगळे मोजा. लोक वाट पाहून रिक्षाने किंवा स्वतःच्या गाडीने निघून जातात तेव्हा तुमचे सर्वात वाईट कॉल तक्त्यातूनच गळतात. रद्द होईपर्यंत किती मिनिटं गेली होती, त्याचं वाटप काढा. मोकळी गाडी नसलेल्या तासांत रद्द होण्याचं प्रमाण चढत असेल, तर तुमचा ९० वा पर्सेंटाइल प्रत्यक्षाहून बरा दिसतो आहे.