डोकं चालण्याची आपली वेळ कशी ओळखायची?

प्रश्न: वेळापत्रक काटेकोर पाळूनही अवघड कामं दुपारी रखडतात. ‘वेळेचं नको, ऊर्जेचं नियोजन करा’ असं सगळे सांगतात, पण आपली चांगली वेळ कोणती हे नेमकं ओळखायचं कसं?

आधी झोपेकडे बघा. सुट्टीच्या दिवशी गजर न लावता तुम्ही कधी झोपता आणि कधी उठता, याची नोंद करा आणि त्या झोपेचा मध्य काढा. रात्री साडेबाराला झोपून साडेआठला उठत असाल, तर मध्य येतो पहाटे साडेचार. हा मध्य तीनच्या आसपास किंवा त्याआधी येत असेल तर तुम्ही सकाळची माणसं. सहाच्या पुढे जात असेल तर उशिराची. बहुतेक लोक या दोन्हींच्या मधे कुठेतरी असतात. फक्त आठवडाभराची थकबाकी भरून काढायला लांबलेली रविवारची झोप यात धरू नका. मोठ्या सुट्टीचे पहिले दोन-तीन दिवस सोडून मोजलंत तर आकडा खरा येतो.

दिवसभरात डोकं कमीजास्त का चालतं, ते झोपेचे अभ्यासक आलेक्झांडर बोर्बेली यांनी 1982 मध्ये मांडलेल्या प्रारूपातून छान कळतं. जागे झाल्यापासून झोपेचा दाब हळूहळू वाढत जातो. त्याच वेळी शरीरातलं घड्याळ जागं ठेवणारा जोर पुरवत असतं आणि तो संध्याकाळपर्यंत चढत जातो. दुपारी बऱ्याच जणांच्या बाबतीत हा जोर दाबाला पुरा पडत नाही, म्हणून डोळे जड होतात. दोष जेवणाला दिला जातो, पण जेवण टाळलं तरी ही मरगळ येते. भरपेट जेवणाने ती वाढते, इतकंच. संध्याकाळी अनेकांना पुन्हा तरतरी येते, तीही याच घड्याळामुळे.

झोपेच्या मध्यावरून फक्त अंदाज येतो. खरी वेळ कामातूनच कळते, आणि इथे ‘आता कसं वाटतंय’ यावर मी फारसा विश्वास ठेवत नाही. उत्साह वाटणं आणि डोकं नीट चालणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यामुळे दोन आठवडे कामाच्या खुणा टिपा: एकच परिच्छेद किती वेळा वाचावा लागला, बेरीज किती वेळा चुकली, हात आपोआप फोनकडे कधी गेला. प्रत्येक खुणेपुढे वेळ लिहा, चहा-कॉफी कधी घेतली तेही लिहा. कॉफीचा अंमल कित्येक तास टिकतो, त्यामुळे तिने आणलेली तरतरी आपली स्वतःची समजली जाते.

माझी एक सहकारी हिशेबाच्या ताळमेळाचं काम करते. तिचा झोपेचा मध्य वर दिलाय तोच, साडेचार. ऑफिसला नऊला पोचल्याबरोबर ती ताळमेळ घ्यायची, कारण ‘सकाळी डोकं ताजं असतं’ हे ऐकलेलं. वहीत मात्र वेगळंच दिसलं. नऊ ते दहा या वेळात एकच रक्कम दोनदा धरली जायची. सुट्टीला साडेआठपर्यंत झोपणारा माणूस ऑफिससाठी लवकर उठला, तरी त्याचा मेंदू नऊला पुरता जागा झालेला नसतो. उठल्यानंतरची ती गुंगी कधीकधी तासभर रेंगाळते. अकरा ते एक या वेळात चुका जवळजवळ नाहीत, आणि नेमका तो वेळ मेल आणि फोन यांत जायचा. अडीच ते चार पुन्हा घसरण, पाचनंतर पुन्हा बरं. तिने ताळमेळ अकराला आणला आणि मेल दहाला व तीनला उरकायला लागली. तपासणीतून परत येणाऱ्या नोंदी उघड कमी झाल्या. कामाचे तास तेवढेच राहिले.

या चांगल्या वेळेत दीड-दोन तास अवघड काम होतं, दिवसभराची अपेक्षा धरू नका. त्यातही अवघड काम म्हणजे नेमकं कोणतं, ते आधी ठरवा. आकडेमोड, तर्क, चुका शोधणं यांना हीच वेळ लागते. एखादी नवी कल्पना हवी असेल तर मात्र मरगळीची वेळही चालते. माराइक वीथ आणि रोझ झॅक्स या मानसशास्त्रज्ञांच्या 2011 मधल्या प्रयोगात, एकदम उलगडा व्हावा लागतो अशी कोडी लोकांनी आपल्या चांगल्या नसलेल्या वेळी जास्त सोडवली. लक्ष थोडं सैल असलं की मन आडवाटेलाही जातं, हे त्यामागचं स्पष्टीकरण. मी स्वतः लेखाची मांडणी सुचायला दुपार ठेवते आणि तपासायला सकाळ.

नेमक्या त्याच वेळी रोजची बैठक असेल तर ती हलवता येते का ते विचारा, नाहीतर संध्याकाळच्या चढाला अवघड काम द्या. पाळ्यांमध्ये काम करत असाल तर प्रत्येक पाळीची नोंद वेगळी ठेवा, कारण पाळी बदलली तरी शरीरातलं घड्याळ लगेच सरकत नाही.

आणि दोन आठवड्यांनंतरही वहीत कुठेच चढ दिसत नसेल, दिवसभर सारखंच जड वाटत असेल, तर वेळापत्रकाला हात लावू नका. अपुरी झोप हे चढ सपाट करून टाकते. आठवडाभर रोज अर्धा-पाऊण तास लवकर झोपा आणि मग पुन्हा मोजा. पुरेशी झोप घेऊनही तसंच राहिलं, तर डॉक्टरांना दाखवा. झोपेतल्या श्वासाच्या अडचणी किंवा थायरॉइड यांतून असं होऊ शकतं.