त्रयीत कोणता प्रश्न कुठे मिटवायचा?

प्रश्न: तीन भागांची कादंबरी लिहायला घेतोय. पहिल्या भागात किती उलगडायचं आणि पुढच्या भागांसाठी काय राखून ठेवायचं, हे कसं ठरवता?

मी आखणीला सुरुवात दुसऱ्या भागापासून करतो. कथा कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे लेखकाला बहुधा आधीच दिसत असतं. फसतं ते मधलं पुस्तक. त्यात नुसता प्रवास होतो, तयारी होते, नवी पात्रं येतात, पण मिटत काहीच नाही. म्हणून आधी ठरवायचं, की दुसऱ्या भागात असं काय घडतं जे पुन्हा फिरवता येणार नाही?

समजा, नायिकेचा भाऊ खाणीवर कामाला गेला आणि बेपत्ता झाला. पहिल्या भागाचा प्रश्न, भाऊ कुठे आहे? याचं उत्तर पहिल्याच भागात द्या. तो जिवंत आहे की नाही हे शेवटच्या पानावर लटकत ठेवायचा मोह होईल. पण वाचकाने अख्खं पुस्तक त्याच उत्तरासाठी वाचलेलं असतं, तो चिडणारच. तिला भाऊ सापडतो, पण कैदेत नाही. तो मालकांचा खबऱ्या झालाय. जुना प्रश्न मिटला आणि त्याच्या उत्तरातूनच नवा निघाला: ती त्याला परत आणू शकेल का?

दुसऱ्या भागाचं उत्तर ‘नाही’. संप वाचवण्यासाठी तीच खबऱ्याचं नाव कामगारांना सांगते, आणि ते त्याला मारतात. तो आपला भाऊ होता हे मात्र ती लपवते. तिसऱ्या भागात ती संपाची पुढारी आहे. खाण कामगारांच्या हाती येईल का, आणि हे लपवलेलं नातं उघड झाल्यावर ते तिच्या मागे उभे राहतील का? यातला खाणीचा प्रश्न पहिल्या भागातच, कामगारांच्या एखाद्या भांडणात, कानावर पडलेला असावा. नाहीतर तिसरा भाग वेगळ्याच कादंबरीचा वाटतो.

आता दुसरा भाग काढून पाहा. भाऊ जिवंत राहतो, नायिकेकडे लपवण्यासारखं काही उरत नाही आणि तिसरा भाग उभाच राहत नाही. म्हणजे मधलं पुस्तक हवंच आहे. तेच जर पहिल्याच्या शेवटाला दोन प्रकरणं जोडून थेट तिसरा सुरू करता येत असेल, तर तुमच्याकडे दोनच पुस्तकं आहेत. मग दोनच लिहा. त्रयीचा हट्ट प्रकाशकाचा असतो, कथेचा नव्हे.

उघडं काय ठेवायचं यावर माझी एक अट आहे: जे कथेतल्या कोणालाच अजून माहीत नाही, तेच. ज्याच्या नजरेतून आपण वाचतोय त्याला माहीत असलेली गोष्ट लेखकाने दाबून ठेवली, की ती लबाडी लगेच कळते. शिवाय तिसरा भाग लिहून व्हायच्या आधी पहिला छापून गेलेला असतो. तेव्हा मालक नेमके कोण, करार काय होता, असे तपशील पहिल्या भागात अफवा म्हणूनच येऊ द्या. पात्राच्या तोंडची अफवा पुढे खोटी ठरवता येते, निवेदकाने सांगितलेलं नाही.