टिपरूच्या भोवती लहरणारी जाळी

*प्रश्न: ढोलपथकाचा व्हिडिओ २४ एफपीएसवर शूट केलाय. रिझॉल्व्हमध्ये स्पीड २५ टक्के करून ऑप्टिकल फ्लो लावला. स्मूथ तर मस्त झालं, पण वाजवणाऱ्याच्या हाताभोवती आणि टिपरूभोवती मागची बॅरिकेडची जाळी पाण्यासारखी लहरते. कुठली सेटिंग चुकतेय?*

सेटिंग बहुतेक बरोबरच आहे. २५ टक्के स्पीडवर तुमच्या दर दोन खऱ्या फ्रेमच्या मधे सॉफ्टवेअरला तीन फ्रेम स्वतः तयार कराव्या लागतात. म्हणजे पडद्यावरच्या चार फ्रेमपैकी कॅमेऱ्याने टिपलेली एकच. आधी खात्री करून घ्या: टाइमलाइनवर बाणाच्या बटणाने एकेक फ्रेम पुढे सरका. दर चौथी फ्रेम स्वच्छ आणि त्यांच्या मधल्या तीनमधली बरोबर मधली सगळ्यात खराब दिसली, तर दोष इंटरपोलेशनचा आहे. खऱ्या फ्रेममध्येही हाताच्या कडा खराब असतील तर ती कॉम्प्रेशनची किंवा फोनच्या शार्पनिंगची करामत, आणि तिच्यावर खाली सांगितलेलं काहीही लागू पडणार नाही.

आता हे होतं कसं, ते आकडे घालून बघू. समजा हाताची मूठ ८० पिक्सेल रुंद आहे. पहिल्या फ्रेममध्ये ती ४०० ते ४८० या पट्ट्यात आहे, आणि पुढच्या फ्रेममध्ये, म्हणजे सेकंदाच्या चोविसाव्या भागानंतर, ५२० ते ६०० मध्ये. ऑप्टिकल फ्लो दोन्ही फ्रेम ताडून बघतो, मूठ १२० पिक्सेल सरकली हे ओळखतो आणि मधल्या फ्रेमसाठी तिला निम्मं अंतर सरकवून ४६० ते ५४० मध्ये ठेवतो. इथपर्यंत सगळं ठीक.

प्रश्न येतो मुठीच्या दोन्ही बाजूंच्या जाळीचा. ४०० ते ४६० मधली जाळी पहिल्या फ्रेममध्ये मुठीमागे झाकलेली होती, ती फक्त दुसऱ्या फ्रेममध्ये दिसते. ५४० ते ६०० मधली जाळी याच्या उलट, फक्त पहिल्या फ्रेममध्ये. त्यामुळे डावा पट्टा निव्वळ दुसऱ्या फ्रेममधून आणि उजवा निव्वळ पहिलीतून उचलायला हवा. पण ऑप्टिकल फ्लोचा सगळा डोलारा 'हा पिक्सेल पलीकडच्या फ्रेममध्ये कुठे गेला' या प्रश्नावर उभा आहे, आणि झाकल्या गेलेल्या पिक्सेलला पलीकडे जोडीदारच नसतो. सॉफ्टवेअर मग त्यातल्या त्यात जुळणारं काहीतरी शोधून आणतं, किंवा दोन्ही फ्रेमची सरासरी काढतं. सरासरी काढली की अर्धी जाळी, अर्धी मूठ असं भूत तयार होतं.

लहर मात्र वेगळ्या कारणाने येते. हालचाल प्रत्येक पिक्सेलची सुटी मोजली तर निकाल फार विस्कळीत येतो, म्हणून ती ठोकळ्याठोकळ्याने मोजतात किंवा शेजारच्या पिक्सेलशी जुळवून सौम्य करतात. ज्या ठोकळ्यात अर्धी मूठ आणि अर्धी जाळी आहे, त्याला एकच दिशा मिळते, आणि ती बहुधा मुठीची असते. मग मुठीला चिकटलेली जाळीची कड तिच्याबरोबर ओढली जाते आणि पुढच्या खऱ्या फ्रेमला झटकन जागेवर येते. हे ओढणं आणि सोडणं सेकंदाला सहा वेळा चालतं, म्हणून पाण्यासारखं दिसतं. मागे मोकळं आभाळ असतं तर हेच सगळं झालं असतं, पण ओढलेलं आभाळ आणि न ओढलेलं आभाळ सारखंच, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नसतं. जाळी, विटा, झाडाची पानं, गर्दी या पार्श्वभूमी इंटरपोलेशनच्या वैरी आहेत.

यात मोशन ब्लरची भर पडते. २४ एफपीएसला नेहमीसारखं १/४८ शटर असेल, तर शटर उघडं असेपर्यंत मूठ साधारण ६० पिक्सेल पुढे गेलेली असते. म्हणजे कड धारदार नाहीच; तिथे एकाच पिक्सेलमध्ये थोडी चालती मूठ आणि थोडी थांबलेली जाळी मिसळलेली आहे. अशा पिक्सेलला कुठलीही एक दिशा दिली तरी ती चुकीचीच ठरणार.

टिपरूची गत आणखी वाईट. ते जाडीला जेमतेम १२-१५ पिक्सेल आणि एका फ्रेममध्ये स्वतःच्या जाडीच्या कितीतरी पट लांब जातं. सॉफ्टवेअर ठरावीक अंतरापर्यंतच शोधतं. तिथे सापडलं नाही की टिपरू मधेच विरघळतं किंवा दोन ठिकाणी अर्धं अर्धं दिसतं. शिवाय दोन फ्रेमच्या मधला प्रवास सरळ रेषेत आणि एकसारख्या वेगाने झाला असंच बहुतेक पद्धती धरून चालतात. टिपरू पानावर आपटून मागे फिरलं ते नेमकं दोन फ्रेमच्या मधे, तर स्लो मोशनमध्ये ते पानाला टेकतच नाही, हवेतूनच परत फिरतं. तो क्षण कॅमेऱ्याने टिपलेलाच नाही, त्यामुळे महागडं सॉफ्टवेअरही तो आणणार कुठून?

हातात असलेल्या फुटेजचं काय करायचं? रिझॉल्व्हच्या मोशन एस्टिमेशनमध्ये `Enhanced Better` लावून बघा, आणि स्टुडिओ आवृत्ती असेल तर `Speed Warp`. झाकलेल्या भागाचा अंदाज तो पुष्कळ चांगला बांधतो, फक्त रेंडरला बसून राहायची तयारी हवी. फुकटात प्रयोग करायचा असेल तर एफएफएमपेग आहे:

```
ffmpeg -i dhol.mp4 -vf "minterpolate=fps=96:mi_mode=mci:mc_mode=aobmc:me_mode=bilat:vsbmc=1,setpts=4*PTS" -r 24 -an slow.mp4
```

यातलं `vsbmc=1` वस्तूंच्या कडांपाशी ठोकळे लहान करतं, आणि ते मुळात बंद असतं. एकदा `0` आणि एकदा `1` ठेवून तोच शॉट काढा. लहर ठोकळ्यांमुळे किती येते ते समोरच दिसेल. निकाल `Speed Warp`च्या तोडीचा येणार नाही, हेही सांगून ठेवतो.

मी स्वतः मात्र आधी स्पीड ५० टक्क्यांवर आणेन. तिथेही बनवलेली फ्रेम बरोबर मधलीच, म्हणजे सगळ्यात खराब असते, पण ती एकटी असते आणि दोन्ही बाजूंना खऱ्या फ्रेम असतात. २५ टक्क्यांवर लागोपाठ तीन खोट्या फ्रेम सेकंदाचा आठवा भाग डोळ्यांसमोर राहतात, तेवढ्यात डोळा चोरी पकडतो. २५ टक्के हवंच असेल तर स्पीड रॅम्प करा: हात वर जाऊन क्षणभर थांबतो तिथे पूर्ण स्लो, आणि खाली येताना पुन्हा नेहमीचा वेग. कॅमेरा ट्रायपॉडवर असेल तर आणखी एक सोय आहे. ज्या फ्रेममध्ये हात बाजूला आहे तिथली स्वच्छ जाळी घ्या, खालच्या लेयरवर स्थिर ठेवा आणि वरच्या लेयरला हाताभोवती मास्क लावा. मास्क हाताच्या बराच जवळून जायला हवा, नाहीतर लहरही त्याच्या आतच राहील.

पुढच्या वेळी फोनमध्ये १२० एफपीएस असेल तर सरळ तेच वापरा. २४च्या टाइमलाइनवर २० टक्के स्पीडपर्यंत सगळ्या फ्रेम खऱ्या मिळतात. तो पर्याय नसेल आणि शॉट स्लोच करायचा हे आधीच ठरलेलं असेल, तर २४वरच शटर १/२०० च्या आसपास ठेवा. नेहमीच्या वेगात चित्र थोडं तुटक वाटेल आणि संध्याकाळच्या मिरवणुकीत आयएसओ वाढवावा लागेल, पण मुठीचा ब्लर ६० वरून १५ पिक्सेलच्या आत येतो आणि सॉफ्टवेअरला पकडायला खरी कड मिळते.