टाके पुन्हा ओले झाले असतील तर तारखेची वाट पाहू नका

«सिझर होऊन बारा दिवस झाले. टाक्यांच्या डाव्या टोकाकडून पाणी झिरपतंय, गाऊनला पिवळट डाग पडतात. ताप नाही. दुखण्याची गोळी दिवसातून तीनदा चालू आहे. सासूबाई हळद लावायला सांगतात. दवाखान्यात फोन केला तर म्हणाले, तारखेलाच या. परवा पाण्याची बादली उचलली होती, त्यामुळे झालं असेल का?»

ताई, आजच जाऊन दाखवा. मी डॉक्टर नाही, पण माझ्या पहिल्या सिझरनंतर अगदी हेच झालं होतं, म्हणून जरा लांबलचक लिहिते.

पहिले एक-दोन दिवस ड्रेसिंगवर थोडा डाग पडला तर त्यात काही नाही. पण सुकलेली रेघ आठवडा-दीड आठवड्याने पुन्हा ओली होत असेल, तर बहुतेक वेळा कातडीखालच्या चरबीच्या थरात पाणी साठलेलं असतं आणि ते एखाद्या टोकातून बाहेर येतं. पातळ, पिवळसर, बिनवासाचं असेल तर कदाचित तेवढंच असेल. घट्ट, पांढरट-हिरवट आणि घाण वासाचं असेल तर तो पू. पण वास घेऊन घरी निकाल लावू नका. साठलेल्या पाण्यात जंतू वाढायला वेळ लागत नाही, आणि वरून कातडी मिटलेली दिसते तेव्हाही आत पोकळी असू शकते.

आता त्या फोनबद्दल. तो कोणी उचलला होता ते विचारलंत का? आमच्या दवाखान्याचं नाव घेत नाही, पण तिथे काउंटरवरची मुलगीच सगळी उत्तरं द्यायची. "ताप आहे का? नाही ना? मग टाक्यांना थोडं पाणी येतंच." पुन्हा फोन केला, तेच उत्तर. डॉक्टर तर सोडाच, सिस्टरकडेही फोन दिला नाही. शेवटी तारखेला गेले तेव्हा डॉक्टरांनी रेघेच्या कडेला बोटाने दाबलं आणि कापसाचे बोळे भिजले. कोपऱ्यातले टाके काढून जागा थोडी उघडावी लागली, पाणी तपासायला पाठवलं आणि आतल्या पोकळीत गॉजची पट्टी भरली. पुन्हा लगेच शिवत नाहीत, कारण जंतू आत कोंडले जातात. जखम तळापासून वर भरत यावी लागते. त्यामुळे रोज ड्रेसिंग, रोज रिक्षा, मांडीवर तान्हं बाळ आणि प्रत्येक ड्रेसिंगचे पैसे वेगळे. वर डॉक्टर विचारतात, "लगेच का नाही आलात?" काउंटर दारातून समोरच दिसत होता!

म्हणून फोनवर "पाणी येतंय, काय करू" असं मोघम विचारू नका. "सुकलेल्या टाक्यांतून पुन्हा पाणी येतंय, ड्यूटी डॉक्टरांना किंवा लेबर रूमच्या सिस्टरना फोन द्या" असं सांगा. नाही दिला तर तारीख नसताना सरळ जा. तेही जमत नसेल तर जवळचं सरकारी रुग्णालय किंवा कोणतेही सर्जन बघू शकतात. डिस्चार्ज कार्ड मात्र बरोबर हवं, टाके विरघळणारे आहेत की काढायचे ते कळायला सोपं जातं.

ताप नाही म्हणता, पण गोळी तीनदा चालू आहे. दुखण्याची म्हणून देतात ती बहुधा पॅरासिटामॉल असते, आणि तीच ताप उतरवते. म्हणून पुढची गोळी घ्यायच्या आधी थर्मामीटर लावा. १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त आला तर थांबू नका. लालीचंही तसंच. रेघेलगत बारीकशी लाली असते, पण ती पसरतेय का हे डोळ्यांना रोज थोडं थोडं कळत नाही. लालीच्या कडेने बॉलपेनने रेघ ओढून ठेवा. काही तासांनी लाली पेनच्या रेघेबाहेर गेली, जागा गरम आणि कडक लागली, किंवा कमी होत आलेलं दुखणं पुन्हा वाढलं, तर ते इन्फेक्शनकडे चाललंय असं समजा.

एक गोष्ट मात्र फार तातडीची. आत काहीतरी सुटल्यासारखं वाटून गुलाबी पाणी एकदम भसकन आलं, किंवा जखम उघडून आतलं दिसायला लागलं, तर स्वच्छ ओलं कापड ठेवा, आडव्या व्हा, काही खाऊपिऊ नका आणि १०८ ला फोन करा.

हळदीबद्दल माझं मत ठाम आहे: दुधात घालून प्या, टाक्यांवर नको. तेल, पावडर, डेटॉल, मनाने आणलेलं मलमही नको. पूड घडीत चिकटते, ओली होते आणि डॉक्टरांना खालची कातडीच दिसत नाही. बाळंतपणानंतर पोट रेघेवर ओघळतं आणि त्या घडीत घाम साठतो, खरी लढाई ती आहे. जखम उघडी नसेल तर आंघोळीत पाणी वरून वाहू द्या, साबणाचा फेस हातानेच फिरवा, घासू नका. वेगळ्या स्वच्छ पंच्याने टिपून घ्या. मग पंख्याखाली उताणं पडून पोट हाताने वर धरा, पूर्ण कोरडं होईपर्यंत. घडीत सुती कापडाची स्वच्छ पट्टी ठेवा, दमट झाली की बदला. रेघ स्वतःला दिसत नाही, मोबाइलने रोज एक फोटो काढा, डॉक्टरांनाही दाखवता येतो. तुमचं पाणी येतंय, तेव्हा दाखवल्यावर ते सांगतील तसंच करा.

धुरी-शेगडीवरून घरात वाद होणार, तर हे सांगा: कापाभोवतीची कातडी काही महिने बधिर असते. चटका बसला तरी कळत नाही. गरम पाण्याच्या पिशवीलाही हेच लागू. मालिशवाल्या मावशींनी हातपाय, पाठ चोळावी, पोट सोडून द्यावं. पोटपट्टा बांधत असाल तर तो घामट होतो, दिवसातून थोडा वेळ सोडून जागा वाळू द्या.

बादलीमुळेच झालं असेल असं मला वाटत नाही, एका बादलीने असं पाणी साठत नाही. पण पुन्हा उचलू नका. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, भरलेली बादली पंधरा-वीस किलोची होते. बाळ तीन किलोचं. सहा आठवडे बाळापेक्षा जड काही नाही, हा हिशेब लक्षात ठेवायला सोपा. वरच्या कातडीपेक्षा आतला पोटाचा पडदा जुळायला फार वेळ घेतो आणि ताण त्याच्यावर येतो. भरलेला कुकर, ओल्या कपड्यांचं टोपलं, सिलिंडर सरकवणं, सगळं त्यातच आलं. मोठं मूल असेल तर उचलू नका, तुम्ही पलंगावर बसा आणि त्याला चढू द्या. उठताना आधी कुशीवर वळा, मग हाताच्या आधाराने. खोकला आला तर उशी पोटाशी दाबून धरा. शौचाला कुंथावं लागत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, औषध देतात.

गरोदरपणात शुगर वाढली होती का, रक्त कमी होतं का, हेही न विचारता सांगा. दोन्हींमुळे जखम भरायला वेळ लागतो. अँटिबायोटिक दिलं तर अंगावर पाजतेय हे आधी बोला. पाजताना चालणारी औषधं असतात, उगाच आपणहून पाजणं बंद करू नका.