तेच दहा आकडे, फक्त उलट क्रमाने : भाचीला मामाचं पत्र

«मामा, येत्या मार्चमध्ये मी ५८ ला रिटायर होतेय. पीएफ, ग्रॅच्युइटी आणि साठवलेलं मिळून एक कोटीच्या आसपास होतील. एकाने सांगितलं की सगळे सेन्सेक्ससारख्या निर्देशांकामागे चालणाऱ्या इंडेक्स फंडात टाका, सरासरी ११ टक्के मिळतात, वर्षाला ८ लाखांचा एसडब्ल्यूपी लावा, म्हणजे ठरलेली रक्कम फंडातून आपोआप हातात येत राहील आणि मुद्दल वाढतच राहील. हिशोब बरोबर वाटतोय, पण सही करायच्या आधी तुम्हाला विचारावं म्हटलं. काही चुकतंय का यात?»

अगं, सही करू नकोस अजून. तो जे ११ टक्के म्हणतोय ते खोटं नाहीये, मी स्वतः काढून बघितलं, पण सरासरीत एक गोष्ट दिसतच नाही ती म्हणजे कुठलं वर्ष आधी आलं आणि कुठलं नंतर. पैसे नुसते ठेवून दिले असतील तर त्याने काही फरक पडत नाही, पण दरवर्षी काढत असशील तर सगळा फरक त्यानेच पडतो.

मी सेन्सेक्सची २००८ ते २०१७ अशी दहा वर्षं घेतली, डिव्हिडंड सोडून, आकडे जवळच्या पूर्ण टक्क्याला आणलेत. २००८ ला बाजार ५२ टक्के पडला, २००९ ला ८१ टक्के चढला, मग १७ टक्के वर, २०११ ला २५ टक्के खाली, मग २६, ९ आणि ३० टक्के वर, २०१५ ला ५ टक्के खाली, मग २ आणि शेवटी २०१७ ला २८ टक्के वर. बेरीज करून दहाने भाग, ११.१ येतात. म्हणजे तुला सांगितलेलीच सरासरी.

आता समज १ कोटी २००८ च्या सुरुवातीला टाकले आणि एक रुपयाही काढला नाही तर दहा वर्षांनी १ कोटी ६९ लाख होतात. हेच दहा आकडे उलटे लाव, आधी २०१७ मग २०१६ असं करत शेवटी २००८, तरी १ कोटी ६९ लाखच. गुणाकार आहे, कुठूनही सुरू कर उत्तर तेच. (११ टक्क्यांनी दहा वर्षांत जवळपास २ कोटी ८४ लाख व्हायला हवेत आणि होतात १ कोटी ६९, कारण ५२ टक्के पडलेलं भरून काढायला १०८ टक्के चढावं लागतं. वार्षिक वाढ खरी ५.४ टक्केच आहे. साधी सरासरी सांगणाऱ्याकडून हे वगळलं जातं.)

आता दरवर्षी सुरुवातीला ८ लाख काढ. २००८ पासून सरळ क्रमाने गेलीस तर दहा वर्षांनी हातात उरतात २३ लाख. उलट क्रमाने गेलीस तर ८२ लाख. काढलेली रक्कम दोन्हीकडे ८० लाख, बाजाराची वर्षं तीच दहा, सरासरी तीच ११, आणि शेवटी ५९ लाखांचा फरक. २३ लाखवालीकडे पुढची जेमतेम तीन वर्षं आहेत, आणि ती तेव्हा ६८ वर्षांची असेल.

हे असं का होतं ते युनिटमध्ये बघितलं की कळतं. समज एनएव्ही, म्हणजे एका युनिटचा भाव, १०० आहे आणि तुझ्याकडे १ लाख युनिट आहेत. पहिल्या वर्षी ८ लाखांसाठी ८,००० युनिट विकले गेले. वर्षभरात एनएव्ही ४८ वर आली, तुझा खर्च काही निम्मा झाला नाही, तेवढेच ८ लाख हवेत, म्हणून या वेळी जवळजवळ १६,७०० युनिट गेले. पुढे बाजार ८१ टक्के चढला, पण तो चढला तेव्हा हे १६,७०० युनिट तुझ्याकडे नव्हतेच, त्यांच्यावरची वाढ ज्याने विकत घेतले त्याला मिळाली. २०१० संपताना एनएव्ही पुन्हा १०१ च्या वर गेलेली असते, पेपरात येतं बाजार सावरला, लोक म्हणतात बघ थांबलो तर भरून निघालं. तू तोवर २४ लाख काढलेले, म्हणजे ७७ लाखांच्या आसपास उरायला हवेत, पण उरलेत ६७. ते दहा लाख पडलेल्या भावात बियाणं विकून खाल्ल्यासारखे गेले, बाजार कितीही सावरला तरी परत येत नाहीत.

उलट क्रमात काय होतं? मोठी पडझड दहाव्या वर्षी येते. तोवर ७२ लाख आधीच चढ्या भावात काढून झालेले असतात आणि नवव्या वर्षाअखेर शिल्लक १ कोटी ८० लाखांवर गेलेली असते. त्यातून ८ लाख काढून उरलेल्यावर ५२ टक्के पडले तरी ८२ लाख राहतात. म्हणून निवृत्तीनंतरची पहिली पाच-सात वर्षं कशी जातात त्यावर पुढचं सगळं ठरतं, आणि ती कशी जातील ते कोणालाच सांगता येत नाही, तुला फॉर्म देणाऱ्यालाही नाही.

एसआयपी चालू असताना नेमकं उलटं असतं हे लक्षात ठेव. इतकी वर्षं तू पैसे घालत होतीस तेव्हा पडलेला बाजार फायद्याचा होता, त्याच हप्त्यात जास्त युनिट यायचे. त्यामुळे «पडलं तर घाबरू नका, थांबा» ही सवय अंगात मुरलीय. आता तू थांबतच नाहीयेस, दर महिन्याला ६६-६७ हजारांचे युनिट एसडब्ल्यूपी आपोआप विकतोय, भाव काय आहे ते न बघता.

मग करायचं काय, तर पडलेल्या वर्षी इक्विटीला हातच लावावा लागू नये अशी सोय आधीच करून ठेवायची. तुझ्यासाठी मी अशी मांडणी करीन : ५० लाख इंडेक्स फंडात, ३० लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत आणि २० लाखांच्या एफडी. ज्येष्ठ नागरिक योजनेला वय ६० लागतं, पण ५५ ते ६० मध्ये रिटायर झालेल्यांना निवृत्तीचे पैसे हातात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत खातं उघडता येतं, आणि ते निवृत्तीच्याच पैशांतून, म्हणून कंपनीचं पत्र आणि पैसे जमा झाल्याची तारीख जपून ठेव. मर्यादा २०२३ च्या एप्रिलपासून ३० लाख आहे. दर सरकार तिमाहीला जाहीर करतं, उघडायच्या दिवशी बघून घे, एकदा खातं उघडलं की पाच वर्षं तोच राहतो. ८.२ टक्के धरले तर वर्षाला २ लाख ४६ हजार व्याज, दर तिमाहीला साडेएकसष्ट हजार. व्याजावर टॅक्स आहे, तो हिशोबात धर.

एफडी एकच वीस लाखांची करू नकोस. चार-चार लाखांच्या पाच कर, एक वर्षाची, दोन वर्षांची अशा पाच वर्षांपर्यंत, आणि वेगवेगळ्या बँकांत, कारण ठेव विमा एका बँकेत एका माणसाला मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाखांपर्यंतच असतो. काउंटरवर इतकी वर्षं बसून हे मी फार जवळून बघितलंय, लोक जास्त व्याज बघून सगळं एकाच ठिकाणी ठेवतात आणि ती बँक अडचणीत आली की दारात उभे राहतात. व्याज खात्यात घेत जा. एक एफडी दरवर्षी मोकळी होईल त्याचे ४ लाख, योजनेचं व्याज अडीच लाख आणि एफडीचं व्याज असं धरून पहिल्या वर्षी आठच्या जवळपास जातं, पुढे एफडी कमी होत जातील तसं थोडं कमी पडेल. पाचव्या वर्षी योजनेचे ३० लाख मोकळे होतात.

हे त्याच वाईट दशकावर लावून बघितलं. सुरक्षित ५० लाखांवर सरसकट ७ टक्के धरले, आधी तेच खर्चले आणि ते संपेपर्यंत इक्विटी अजिबात विकली नाही. २०१४ अखेरपर्यंत सुरक्षित पैसे पुरतात, तोवर इक्विटीचे ५० चे ६८ लाख झालेले. दहा वर्षांनी उरतात साडेएकसष्ट लाख, २३ नाही. उलट क्रमात ७२ लाख. म्हणजे चांगल्या नशिबात ८२ ऐवजी ७२ मिळतात, ते दहा लाख या सोयीची किंमत म्हणून गेले, पण क्रमामुळे पडणारा फरक ५९ लाखांवरून दहावर आला.

यातली एक गोष्ट लपवत नाही. त्या दहा वर्षांत इक्विटीची वाढ एफडीपेक्षाही कमी होती, म्हणून सगळे १ कोटी ७ टक्क्यांवर ठेवले असते तर ७८ लाख उरले असते. मग इक्विटी हवीच कशाला असं तू विचारशील. कारण वरच्या सगळ्या हिशोबात मी तुझे ८ लाख दहा वर्षं ८ लाखच ठेवलेत. ६ टक्के महागाईने आजच्या ८ लाखांच्या खर्चाला दहा वर्षांनी सव्वाचौदा लाख लागतात, आणि तुला पंचवीस-तीस वर्षं काढायचीत. नुसत्या एफडीवर ते जमत नाही, व्याज महागाईच्या जेमतेम पुढे असतं आणि त्यातला टॅक्स वेगळा.

म्हणूनच माझं खरं म्हणणं असं की ८ लाखच जास्त आहेत. घर स्वतःचं आहे, मुलाचं शिक्षण झालंय, पहिली पाच वर्षं ५ ते साडेपाच लाखांत भागव. एवढ्यात एफडीही सावकाश मोकळ्या कराव्या लागतील आणि इक्विटी जास्त वर्षं शांत राहील.

दर एप्रिलमध्ये एक भागाकार कर, वर्षाला काढतेस ती रक्कम भागिले त्या दिवशीची सगळी शिल्लक. ५ टक्क्यांच्या आसपास असेल तर ठीक. ७-८ च्या वर गेला तर त्या वर्षी काढणं वाढवायचं नाही, जमलं तर थोडं कमी करायचं. त्या २००८ च्या उदाहरणात सुरुवात ८ टक्क्यांनी होती आणि एका वर्षात १८ वर गेली, कारण १ कोटीचे ४४ लाख झाले होते, तिथेच थांबायला हवं होतं. आणि बाजार चांगला चढलेल्या वर्षी इक्विटीतून थोडं काढून संपलेल्या एफडी परत भर, हे लोक विसरतात, चढत्या बाजारात विकायला मन होत नाही.

त्या माणसाला सांग की एसडब्ल्यूपी आत्ता नको, फंड डायरेक्ट प्लॅनमध्ये, म्हणजे मधल्या एजंटच्या कमिशनशिवाय, घ्यायचाय आणि ५० लाखही एकदम नाही, वर्षभरात थोडे थोडे टाकायचेत. तोवर उरलेले लिक्विड फंडात ठेव. पीएफ कधी जमा होतोय ती तारीख कळली की मला फोन कर, तीन महिने तिथून मोजायचेत, पोस्टात मी येतो बरोबर.

— मामा